हातातला फोन आणि घशातला शेंगदाणा

पालकांसाठीच्या प्रथमोपचाराच्या वर्गात मी सुरुवातीलाच एक गोष्ट करून घेते. समोरच्या आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर बाळाएवढी बाहुली ठेवते आणि सांगते, "हिच्या घशात शेंगदाणा अडकलाय. तुमच्या फोनमध्ये प्रथमोपचाराचं ॲप आहे ना? उघडा आणि सुरू करा."

मागच्या वर्गात एका आईने हे केलं. फोन पर्समध्ये होता. बाहुली डाव्या हातात धरून तिने उजव्या हाताने तो काढला, पण घामाने ओल्या अंगठ्याने लॉक उघडेना. तिसऱ्यांदा उघडलं. ॲप सुरू झालं, तर त्याने आधी लोकेशनची परवानगी मागितली. मग यादी आली : भाजणं, रक्तस्राव, हाड मोडणं, आणखी खाली घशात अडकणं. त्यावर बोट ठेवलं तर प्रश्न आला, मूल एक वर्षाखालचं की वरचं? तिने उत्तर दिलं आणि व्हिडिओचं चक्र फिरत राहिलं. बाहुलीच्या पाठीवर पहिला थपका पडला तेव्हा माझ्या घड्याळात एक मिनिट दहा सेकंद झाले होते. तेही बाहुली निळी पडत नसताना आणि शेजारी कोणी ओरडत नसताना.

ती हिरमुसून म्हणाली, "म्हणजे ही ॲप्स कामाची नाहीत का, मॅडम?" तसं अजिबात नाही. रेड क्रॉससारख्या संस्थांची ॲप्स मी स्वतः वापरते आणि इतरांनाही घ्यायला सांगते. त्यांतली माहिती नीट तपासलेली असते. चूक होते ती ॲप कधी आणि कशासाठी उघडायचं, हे समजण्यात.

गैरसमज : ॲप फोनमध्ये आहे, वेळ आली की उघडून बघू.

वस्तुस्थिती : घरातल्या अपघातांचे दोन प्रकार असतात. काहींत तुमच्या हाताशी वीस मिनिटं, अर्धा तास असतो. भाजणं, खरचटणं, नाकातून रक्त येणं हे त्यातले. तिथे ॲप समोर ठेवून एकेक पायरी वाचत काम करता येतं. दुसऱ्या प्रकारात सेकंद मोजावे लागतात. श्वास पूर्ण अडला तर साधारण चार मिनिटांनंतर मेंदूला इजा होऊ लागते, आणि मूल त्याच्या आधीच बेशुद्ध पडू शकतं. अशा वेळी पायऱ्या हातात मुरलेल्या असायला हव्यात. म्हणून 'घशात अडकणं' हे ॲपमधलं पान शांत दुपारी वाचायचं आणि उशीवर किंवा बाहुलीवर करून बघायचं पान आहे.

दहा महिन्यांचं बाळ घेऊ. ताईच्या वाटीतला एक शेंगदाणा त्याने तोंडात टाकला. आधी बघायचं, ते खोकतंय का? जोरात खोकत असेल, रडत असेल, तर हवा आत-बाहेर होते आहे. त्याला खोकू द्यायचं. तो खोकला तुमच्या कोणत्याही थपक्यापेक्षा ताकदवान असतो. आपल्याकडे ठसका लागला की टाळूवर थापटतात, "वर बघ, वर बघ" म्हणतात, पाणी पाजतात. टाळूवर थापटून काही होत नाही, आणि घसा अडलेला असताना पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

खरी धोक्याची खूण म्हणजे शांतता. तोंड उघडं, पण आवाज नाही. खोकला येतो, पण त्यात जोर नाही. ओठ निळसर होऊ लागतात. आता बाळाला आपल्या हाताच्या लांबीवर पालथं घ्यायचं, हात मांडीवर टेकवायचा, बाळाचं डोकं छातीपेक्षा खाली ठेवायचं. जबडा बोटांनी धरायचा, गळा दाबायचा नाही. दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळच्या भागाने दोन खवाट्यांच्या मधोमध पाच थपके द्यायचे. प्रत्येक थपक्यानंतर बघायचं, सुटलं का. सुटलं नाही तर बाळाला उताणं करायचं, डोकं खालीच ठेवायचं, आणि छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच वेळा दाबायचं. मग तोंडात बघायचं. शेंगदाणा डोळ्यांना दिसत असेल तरच बोटाने काढायचा. दिसत नसताना बोट फिरवलं की तो आणखी खोल जातो, आणि माझ्या अनुभवात घाबरलेल्या माणसाचं बोट सगळ्यात आधी तिथेच जातं. नाही निघाला, तर पुन्हा पाच आणि पाच. घरात दुसरं कोणी असेल तर त्याने लगेच १०८ लावायचा. एकटे असाल तर एक फेरी पूर्ण करून फोन लावायचा, स्पीकर सुरू करून बाजूला ठेवायचा आणि काम चालू ठेवायचं. बाळ लुळं पडलं तर त्याला कडक पृष्ठभागावर ठेवून छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं सुरू करायचं. ही कृती शब्दांतून येत नाही, ती शिकूनच घ्यावी लागते.

बाळाला पाय धरून उलटं लोंबकळवायचं नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. अडकल्यावर बाळ एकदम बरं दिसू लागलं, पण शेंगदाणा बाहेर पडलेला कोणी पाहिला नाही, तर तो एका बाजूच्या श्वासनलिकेत उतरलेला असू शकतो. पुढचे काही दिवस न थांबणारा खोकला किंवा छातीतली घरघर ही त्याची खूण. तो दुर्बिणीने काढावा लागतो. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं आणि 'शेंगदाणा खाल्ला होता' हे आपण होऊन सांगायचं.

गैरसमज : सगळ्या ॲप्समध्ये एकच सांगितलेलं असतं, कोणतंही घेतलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : ॲपमधला वयाचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट कधीच दाबायचं नाही, कारण यकृत आणि आतले अवयव दुखावतात. एक वर्षावरच्या मुलाच्या मागे उभं राहून बेंबी आणि बरगड्यांच्या मध्ये मूठ ठेवायची आणि आत-वर असा झटका द्यायचा. अडकलेलं सुटलं तरी पोट दाबल्यानंतर मुलाला डॉक्टरांकडे न्यायचंच. घाईत चुकीचं वय दाबलं गेलं तर ॲप तुम्हाला शांतपणे चुकीची कृती दाखवेल.

दुसरा फरक देशाचा आणि सालाचा. अमेरिकन हार्ट असोसिएशन बरीच वर्षं एक वर्षावरच्या मुलांसाठी फक्त पोट दाबायला सांगत असे, तर रेड क्रॉस आणि ब्रिटनमधल्या संस्था आधी पाठीवर पाच थपके द्यायला सांगत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आणि त्यांनीही पाच थपके, मग पाच वेळा पोट दाबणं असा क्रम घेतला. त्याच वेळी आणखी एक बदल झाला. बेशुद्ध बाळाची छाती दोन बोटांनी दाबायची, असं आजवर शिकवलं जाई. ती पद्धत त्यांनी काढून टाकली, कारण दोन बोटांनी छाती पुरेशी खोल दाबली जात नाही. आता एका हाताच्या मनगटाजवळच्या भागाने, किंवा दोन्ही हातांनी छातीला वेढून दोन्ही अंगठ्यांनी दाबायला सांगतात.

तुमचं ॲप ताजं आहे की नाही, हे याच चित्रावरून ओळखता येतं. प्ले स्टोअरमधली Updated on ही तारीख पुरेशी नाही, कारण ती नुसत्या तांत्रिक दुरुस्तीनेही बदलते. बाळाची छाती दाबण्याचं चित्र उघडा. तिथे अजून दोन बोटं असतील, तर मजकूर जुना आहे. मात्र तुम्ही आधीच्या वर्गात दोन बोटांची पद्धत शिकला असाल आणि प्रसंग आला, तर तीच वापरा. काहीच न करण्यापेक्षा ती केव्हाही बरी.

गैरसमज : भाजल्यावर पाणी हा तात्पुरता उपाय, खरा इलाज मलम, हळद किंवा टूथपेस्ट.

वस्तुस्थिती : इथे ॲपचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. कारण इथली पायरी सोपी आहे, पण कंटाळवाणी आहे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं गार वाहतं पाणी. वाहतं म्हणजे धार, बुडवून ठेवणं नाही. जुन्या पुस्तकांत आणि काही जुन्या ॲप्समध्ये दहा मिनिटं दिसतात. वीस धरा.

एक प्रसंग पायरीपायरीने पाहू. दोन वर्षांची मुलगी ओट्यापाशी उभी आहे. तिने कपाचा कान ओढला आणि उकळता चहा खांद्यावर आणि छातीवर सांडला. पहिली गोष्ट, अंगातला झबला काढा. सुती कापड गरम चहा धरून ठेवतं आणि कातडी भाजत राहते. कापड चिकटलेलं असेल तर तेवढं ठेवून बाकीचं कापून काढा. हातातली बांगडी, दंडातला काळा दोरा काढा, कारण थोड्या वेळात हात सुजतो आणि मग ते निघत नाहीत. आता तिला न्हाणीघरात घेऊन बसा, फोन कोरड्या जागी उभा करा, ॲपमधलं 'भाजणं' उघडा आणि वीस मिनिटांचा गजर लावा.

पाण्याबद्दल ॲप जे सांगत नाही ते आपल्या घराचं आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला गरम येतं. आधी आपल्या हातावर घेऊन बघा. गरम असेल तर माठातलं किंवा पिंपातलं पाणी तांब्याने सोडा. नळाला पाणीच नसेल तर हिशोब सोपा आहे. मिनिटाला एक लिटर अशी बारीक धार धरली तर वीस मिनिटांना वीस लिटर, म्हणजे एक मोठी बादली. खाली घमेलं ठेवलं तर तेच पाणी पुन्हा घेता येतं. बर्फ किंवा फ्रीजचं बर्फगार पाणी नको, त्याने आधीच दुखावलेली कातडी आणखी दुखावते.

पाचव्या-सहाव्या मिनिटाला मुलगी रडायची थांबते आणि आजूबाजूचे म्हणू लागतात, "झालं, पुरे, आता मलम लावा." इथेच बहुतेक घरांत चूक होते. वरची आग थांबली तरी कातडीच्या खालच्या थरात उष्णता शिल्लक असते. फोनवर अजून चौदा मिनिटं दिसत असतील तर तो आकडाच सगळ्यांना दाखवा. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडतं. या वेळात मुलीचं बाकीचं अंग कोरड्या पंचाने गुंडाळून ठेवा. लहान मुलं पाण्याने लवकर गारठतात. ती कुडकुडू लागली किंवा सुस्तावली तर पाणी थांबवून तिला ऊब द्या.

गजर वाजल्यावर भाजलेल्या जागेवर स्वयंपाकघरातल्या पारदर्शक प्लास्टिकच्या वेष्टनाचा एक पदर सैल ठेवा, गुंडाळू नका. ते चिकटत नाही आणि त्यातून डॉक्टरांना जखम दिसते. ते नसेल तर धुतलेलं सुती कापड चालेल. फोड फोडायचे नाहीत. हळद, टूथपेस्ट, तूप, शाई यांतलं काहीही लावलं तर दवाखान्यात आधी ते खरवडून काढावं लागतं, आणि ते काढताना मूल जे किंचाळतं ते मी ऐकलेलं आहे. दवाखान्यात कधी न्यायचं? मुलाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा, बोटांसकट, मोठी जागा भाजली असेल तर. चेहरा, हात, पाय, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल तर. जागा पांढरी पडली असेल आणि दुखत नसेल तर. एक वर्षाखालचं बाळ असेल तर कितीही थोडं भाजलं तरी न्यायचं. आणि प्रसंगाच्या वेळी घरी कोणी नसल्यामुळे पाणी घालायचं राहून गेलं असेल, तर तीन तासांपर्यंतसुद्धा ते घालण्याचा फायदा होतो.

गैरसमज : मुलाने काही विषारी गिळलं तर आधी उलटी काढायची, आणि ॲपमधलं लाल बटण दाबलं की मदत येते.

वस्तुस्थिती : उलटी काढायची नाही. रॉकेल गिळलेल्या मुलाला उलटी झाली की ते फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. संडास साफ करायचं ॲसिड खाली जाताना अन्ननलिका जाळतं आणि वर येताना पुन्हा जाळतं. मिठाचं पाणी, घशात बोटं हे प्रकार टाळा. तोंड पुसा, उरलेलं थुंकायला लावा, बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या आणि निघा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. काय गिळलं, किती, केव्हा आणि मुलाचं वजन किती, एवढं तयार ठेवून बोला. मूल झोपाळलेलं असेल, श्वास नीट घेत नसेल, तर तिथे फोन करत बसू नका, १०८ लावा.

खेळण्यातली किंवा रिमोटमधली गोल चपटी बटण बॅटरी गिळली असेल तर गोष्ट वेगळी आणि तातडीची असते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही खोल जखम करू शकते. मूल एक वर्षावरचं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देत राहावा, जास्तीत जास्त सहा वेळा. दवाखान्यात पोहोचायला मात्र त्यासाठी एक मिनिटही थांबू नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये.

राहिलं लाल बटण. ते फक्त एक क्रमांक फिरवतं. परदेशात बनलेल्या ॲपमध्ये तो ९११ किंवा ९९९ असू शकतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे, ही सेवा इथे २०१४ पासून चालते, आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२. उलट, नातवंडांसाठी पुण्याहून सहा महिने अमेरिकेत गेलेल्या आजीच्या फोनमधल्या इथल्या ॲपचा तिथे उपयोग होणार नाही, तिला ९११ तोंडपाठ हवा. आणि पत्ता आपल्यालाच सांगावा लागतो. इमारतीचं नाव, ओळखीची खूण, कितवा मजला, लिफ्ट चालू आहे की बंद, रात्री फाटक कोण उघडणार.

गैरसमज : आकडी आली की तोंडात चमचा घालायचा आणि कांदा हुंगवायचा.

वस्तुस्थिती : तापात आलेली आकडी बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआप थांबते. तोंडात काही घालायचं नाही, दात तुटतात. हातपाय दाबून धरायचे नाहीत. मुलाला कुशीवर वळवा, जवळच्या टणक वस्तू बाजूला करा आणि फोनवरचं घड्याळ सुरू करा, कारण घाबरलेल्या आईला एक मिनिटही दहा मिनिटांचं वाटतं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. थांबली, तरी पहिलीच वेळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

गैरसमज : माझ्या फोनमध्ये ॲप आहे, म्हणजे मूल सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती : तुमचा फोन सकाळी नऊला तुमच्याबरोबर ऑफिसला जातो. मूल आजीजवळ असतं किंवा सांभाळणाऱ्या मावशींजवळ. मावशींकडे बटणांचा फोन असतो, आणि बरीचशी ॲप्स इंग्रजीत असतात. माझ्या वर्गात ज्या घरांतून आजी आणि मावशीही येतात, त्या घरांबद्दल मला कमी काळजी वाटते.

म्हणून ॲप निवडताना मी दोन गोष्टी बघायला सांगते. फोन विमान मोडवर टाकून ॲप उघडा. पायऱ्या आणि चित्रं दिसली पाहिजेत, कारण पावसाळ्यात वीज गेली की वायफायही जातं. मग त्यातली 'घशात अडकणं' आणि 'भाजणं' ही दोन पानं मोठ्या अक्षरांत मराठीत कागदावर उतरवा. अडकलं तर : आवाज नाही, मग पाच पाठीवर, एक वर्षाखाली पाच छातीवर, वरच्याला पाच पोटावर, दिसलं तरच काढा. भाजलं तर : वीस मिनिटं गार पाणी, काही लावू नका. खाली १०८, विष केंद्राचा क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता आणि मुलाचं वजन. हा कागद फ्रीजवर चिकटवा, आणि आजी-मावशींकडून उशीवर पाच थपके एकदा तरी मारून घ्या. मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी बदलून लिहा. त्यावरूनच डॉक्टर औषधाचा डोस ठरवतात.